भाषेवरून केलेली चेष्टा लागली, आता माफी कशी मागू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात बोली कन्नडचे वर्ग घेते. येणारे बहुतेक मराठी घरांतले असतात. कुणाला नवी नोकरी लागलेली असते, कुणाचं लग्न ठरत असतं, कुणाची निपाणीकडून किंवा खानापुरातून इथे बदली झालेली असते. वर्ग संपला की एखादा जण जिन्यात घुटमळतो आणि हळूच विचारतो, "मॅडम, एक बोलून बसलोय, आता काय करू?" नवी ओळख, भाषेवरून केलेली चेष्टा आणि मग पसरलेली शांतता, असंच ते बहुतेक वेळा असतं. पुढे हेच प्रश्न फोनवर आणि मेसेजवरही येऊ लागले. तेच इथे उत्तरांसह दिले आहेत. मैत्री, नोकरी, स्थळ, यातली कुठलीही ओळख असली तरी ते लागू पडतात.

१. भाषेवरून एवढीशी गंमत केली. त्यात माफी मागण्यासारखं काय झालं?

जुन्या मित्राला तुम्ही तेच वाक्य ऐकवलंत तर तो पाठीत धपाटा घालून पुढे जाईल, कारण तुमच्याबद्दलच्या शंभर गोष्टी त्याला ठाऊक आहेत. तिसऱ्यांदा भेटणाऱ्या माणसाकडे तुम्हाला जोखायला तुमची चार-पाचच वाक्यं असतात. त्यातलं एक हे.

शिवाय आपल्या भागात कन्नड घरातली व्यक्ती तुमच्याशी मराठीत बोलते तेव्हा ती स्वतःच्या घरची भाषा सोडून तुमच्या अंगणात आलेली असते. तिथे तिला उच्चारावरून किंवा व्याकरणावरून हसणं म्हणजे घरी आलेल्या माणसाच्या चपलांना नावं ठेवणं. उलट बाजूनंही तेच. पुण्याहून आलेला पाहुणा आपल्या "मी सांगितलो", "मी काम केलो"ला हसतो तेव्हा काय वाटतं, ते बेळगावकराला समजावून सांगायला नको.

२. समोरची व्यक्ती तर हसली. मग तिला लागलं हे ओळखायचं कसं?

हसण्यावर जाऊ नका. चारचौघांत चेष्टा झाली की माणूस आधी हसतो, त्यानं वेळ निभावते. त्यानंतर काय होतं ते बघा. आपल्याकडची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे भाषा बदलते. कालपर्यंत मोडकंतोडकं का होईना, मराठीत बोलणारी व्यक्ती अचानक हिंदीत किंवा इंग्रजीत बोलू लागते. तुमच्या भाषेतून ती बाहेर पडलेली असते. दुसरी खूण म्हणजे वाक्यं आखडतात. "हो", "बरं", "बघू" यांच्यापुढे गाडी जात नाही. तिसरी खूण जरा उशिरा कळते: तुमच्यासमोर ती घरच्यांशी फोनवर कन्नडमध्ये बोलायची, आता फोन आला की उठून बाहेर जाते.

यातलं काहीच दिसलं नाही पण मनात कुठेतरी टोचतंय, तरीही एकदा बोललेलं बरं. तेव्हा "तुला लागलं का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नवख्या ओळखीत नेहमी "छे छे" असंच येतं.

३. माफी मागायची म्हणजे नेमकं काय बोलायचं?

इथे एक प्रसंग सविस्तर सांगते. संबंधितांनी सांगू दिलं आहे, नावं नाहीत.

शहापूरचा एक मुलगा. त्याच्या ऑफिसात गोकाककडची एक मुलगी नव्यानं रुजू झाली. घरची भाषा कन्नड, मराठी ऐकून ऐकून शिकलेली. दोन आठवड्यांत बरी ओळख झाली. एका शुक्रवारी निघताना ती म्हणाली, "उद्या मी लवकर येतो, तू थांब." हा दोन मित्रांसमोर म्हणाला, "येतो? अगं, तू मुलगा आहेस की मुलगी ते आधी ठरव!" मित्र हसले, तीही हसली. मग म्हणाली, "ठीक है, कल मिलते हैं." त्या दिवसापासून ती त्याच्याशी हिंदीत बोलू लागली.

शनिवारी त्यानं मेसेज टाकला: "काल गंमत केली हं, मनाला लावून घेऊ नकोस." उत्तर आलं नाही. मंगळवारी तो माझ्याकडे आला.

आधी आम्ही त्या वाक्याकडेच पाहिलं. कन्नडमध्ये "मी"च्या क्रियापदाला लिंग नसतं. पुरुष म्हणो की बाई, "नानु बरतीनि"च. ती मराठी बोलताना तीच सवय आणत होती. पण खरी गोष्ट पुढेच आहे. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात मराठी घरांतल्या बायकाही "मी येतो", "मी जातो" म्हणतात. मी त्याला विचारलं, तुझी आजी काय म्हणते? तो गप्प झाला. त्याची आजी आयुष्यभर "मी येतो"च म्हणत आली होती. तो जिला चूक समजून हसला होता, ती त्याच्याच घरची बोली होती.

त्यानं लिहून आणलेली माफी अशी होती: "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. आमच्या घरी सगळे एकमेकांना असेच चिडवतात. प्लीज माफ कर ना."

तीनही वाक्यं काढून टाकली. पहिल्यात "असेल तर" आहे, म्हणजे वाईट वाटलं की नाही हे सिद्ध करायचं काम तिच्यावर. दुसऱ्यात दोष घराच्या रीतीवर गेला. तिसरं तर मागणंच आहे. अजून ती त्याच्याशी धड बोलतही नव्हती, आणि तिनं काहीतरी द्यावं अशी त्याची अपेक्षा होती.

बुधवारी चहाच्या टपरीवर दोघंच असताना तो तिला जे बोलला ते असं:

"शुक्रवारी तू 'मी येतो' म्हणालीस आणि मी सगळ्यांसमोर 'मुलगा की मुलगी' असं विचारलं. तू माझ्याशी माझ्या भाषेत बोलत होतीस आणि मी त्यावरच हसलो. मी चुकीचं वागलो. वर दुसऱ्या दिवशी तुलाच सांगितलं की मनाला लावून घेऊ नकोस, तेही चुकलं माझं. परत मी तुझ्या बोलण्यावर हसणार नाही. तुला आत्ता काही बोलायला पाहिजे असं नाही."

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी काय बोललो ते जसंच्या तसं, गोलमाल न करता. मग ते का लागण्यासारखं होतं, एका वाक्यात. मग "मी चुकलो". मग पुढे काय करणार नाही, आणि शेवटी तिला मोकळं सोडणं. आजी आणि व्याकरण त्यानं बोलण्यात आणलं नाही, तसं आमचं ठरलंच होतं. ते त्याला स्वतःला समजण्यासाठी होतं. माफीत ते आलं असतं तर माफीचं व्याख्यान झालं असतं.

ती एवढंच म्हणाली, "मेसेजचा जास्त राग आला होता." पुढचे दहा-बारा दिवस हिंदीच चाललं. मग एक दिवस दुपारी तिनं विचारलं, "जेवलास का?"

४. नुसतं "सॉरी" किंवा "चूक झाली" म्हटलं तर चालत नाही का?

धक्का लागला, फोन उचलला नाही, यायला उशीर झाला, तर "सॉरी" पुरतं. माणूस दुखावलं असेल तर नाही. त्या शब्दाला आता वजन उरलेलं नाही, आणि तो कशाबद्दल आहे हेही त्यातून कळत नाही.

"चूक झाली"मध्ये वेगळी अडचण आहे. मराठीत आपल्याला करणाऱ्याला लपवायची छान सोय आहे. कप फुटला, दूध उतू गेलं, चूक झाली. कुणी केलं याचा पत्ताच नाही. "माझं चुकलं" म्हटलं की निदान मालक दिसतो. "मी चुकीचं बोललो" म्हटलं की करणारा समोर उभा राहतो. ऐकणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो, भले तो व्याकरण शिकलेला नसो.

हा माझ्या कानाचाच अनुभव नाही. अमेरिकेत ओहायोमधले अभ्यासक रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा भाग तपासून पाहिले. त्यात जबाबदारी स्वतःवर घेणं हा भाग सगळ्यात प्रभावी ठरला, आणि "मला माफ कर" ही विनंती सगळ्यात कमी. आपल्याकडे बहुतेक जण नेमकं उलटं करतात. जबाबदारी अर्ध्या शब्दात उरकतात आणि "माफ कर ना, माफ कर ना" दहादा म्हणतात.

५. लगेच मागावी की थोडं थांबून?

तोंडातून शब्द निसटताच समोरचा चेहरा उतरला तर तिथेच एक वाक्य बोला: "हे मी चुकीचं बोललो." एवढंच. त्या क्षणी लांबण लावू नका.

पूर्ण माफी मात्र समोरच्याचं ऐकून घेतल्यावर जास्त पोचते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं होतं की घाईघाईनं मागितलेल्या माफीपेक्षा जरा उशिरा मागितलेली लोकांना जास्त समाधान देते, कारण तोवर आपलं म्हणणं ऐकलं आणि समजलं गेलं असं त्यांना वाटतं. शहापूरच्या मुलाचा शनिवारचा मेसेज याचंच उदाहरण आहे. काय झालं हे कळायच्या आधीच त्यानं विषय बंद करायला घेतला होता.

माझ्या अनुभवात दोन-चार दिवस ठीक. पंधरवडा उलटू देऊ नका, कारण तेवढ्यात समोरची व्यक्ती तुमच्याबद्दलचं मत पक्कं करून टाकते. आणि पंधरवडा उलटलाच असेल तर? तरी मागा, पण सुरुवात "हे मी आधीच बोलायला पाहिजे होतं" अशी करा. उशीर का झाला याची कारणं सांगू नका.

६. व्हॉट्सअ‍ॅपवर मागितली तर?

जिथे बोललात तिथे मागा. चेष्टा चॅटमध्ये झाली असेल तर चॅटवर चालेल. समोरासमोर झाली असेल तर समोरासमोर, ते शक्य नसेल तर फोन. लिहिलेल्या मराठीत सूर ऐकू येत नाही. त्यात घरी कन्नड बोलणाऱ्या माणसाला देवनागरीतला लांब मेसेज वाचायला जड जात असेल, तर तुमची मेहनतीनं लिहिलेली माफी तो कुणाकडून तरी वाचून घेईल. म्हणजे आणखी एका माणसापुढे तेच सगळं.

लिहायचंच असेल तर चार ओळी, आणि हसरे चेहरे अजिबात नकोत. हसरा चेहरा जोडला की वाचणाऱ्याला वाटतं, हा अजून हसतोच आहे.

७. माफी मराठीत मागू की कन्नडमध्ये?

तुम्ही दोघं एरवी ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत. कन्नड नीट येत असेल तर कन्नडमध्ये मागणं फार छान. आपल्या भागातलं बोली वाक्य आहे "नंदु तप्पातरी", म्हणजे माझी चूक झाली. शेवटचा "री" आदराचा आहे. वडीलधाऱ्यांशी किंवा अनोळखी माणसाशी बोलताना तो गाळला तर माफीच उद्धट वाटते. बरोबरीच्या मित्राशी "नंदु तप्पात" पुरतं. पुढे "हंग अन्नबारदित्तु" जोडा, म्हणजे तसं म्हणायला नको होतं.

एक वाक्य मात्र टाळा: "बेजार माडकोब्याड्री." अर्थ, वाईट वाटून घेऊ नका. ऐकायला गोड आहे आणि सगळे वापरतात. पण आपल्या "राग मानू नका"सारखंच ते काम समोरच्यावर ढकलतं.

आणि ज्याच्या कन्नडची तुम्ही खिल्ली उडवलीत, त्याच्यापुढे पहिल्यांदाच अडखळत कन्नड बोलायला जाऊ नका. त्याला ती दुसरी नक्कल वाटू शकते. साध्या मराठीत बोला. कन्नड नंतर शिका, सावकाश.

८. चेष्टा चारचौघांत झाली. मग माफीही चारचौघांत मागायची का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. माफी एकट्यात मागा, कारण लोकांसमोर मागितली की समोरच्यावर लोकांसमोर माफ करण्याची वेळ येते. पण ज्यांच्यासमोर हसलात त्यांच्यापुढे आपलं वाक्य दुरुस्त करणंही तुमच्याकडे लागतं. ते एका ओळीत होतं. शहापूरच्या मुलानं ती नसताना त्या दोन मित्रांना सांगितलं, "परवा मी जे बोललो ते चुकीचं होतं, आता 'येतो'वरून तिला कुणी चिडवू नका." त्यातला एक जण दुसऱ्या दिवशी तेच चिडवायच्या तयारीत होता, असं नंतर कळलं.

९. बघायच्या कार्यक्रमात आमचे काका बोलून गेले. आता मुलीकडच्यांची माफी कुणी मागायची?

सीमाभागात मराठी-कन्नड स्थळं नवी नाहीत. एकाच जातीत निम्मी घरं मराठी, निम्मी कन्नड, असं तर किती ठिकाणी आहे. पोहे खाताना एखादे काका "मग मुलगी घरी यंडूगुंडूच बोलणार म्हणायची" असं म्हणतात आणि सगळे ओशाळं हसतात.

बोलले काका, तर माफी काकांची. पण ते मागणार नाहीत हे तुम्हालाही ठाऊक असतं. काकांच्या वतीनं मुलानं माफी मागू नये. दुसऱ्याच्या तोंडची चूक आपल्याला कबूल करता येत नाही. मुलाची स्वतःची एक चूक मात्र असते, ती तो कबूल करू शकतो: "काका बोलले तेव्हा मी तिथेच होतो आणि काही बोललो नाही. ते माझं चुकलं." हे त्यानं मुलीशी थेट बोलावं. तिच्या वडिलांशी बोलताना "अहो-जाहो" ठेवून, मध्यस्थामार्फत नाही तर स्वतः फोन करून बोलावं. मध्यस्थ निरोप सांगताना तो गुळमुळीत करून टाकतो: "पोरगं म्हणतंय, काकांचं मनावर घेऊ नका." आणि पुन्हा तेच, मनावर न घेण्याचं काम त्यांच्याकडे.

लग्न पुढे ठरो न ठरो, हा फोन करावा. ठरण्यासाठीच केला तर तो सौदा वाटतो.

१०. मी तर कौतुक केलं होतं. तरी ती दुखावली, असं कसं?

हे माझ्याकडूनच घडलेलं आहे. नव्यानं ओळख झालेल्या एका बाईंना मी म्हटलं होतं, "तुम्ही कन्नड आहात असं वाटतच नाही!" त्यांचं मराठी खरंच सुरेख होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग कसं वाटायला पाहिजे होतं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्या डोक्यात कन्नड माणसाचं एक चित्र होतं आणि त्या त्यात बसल्या नाहीत याचा मला आनंद झाला होता. इथल्या मुसलमान शेजाऱ्यांना "तुमचं मराठी किती शुद्ध!" असं म्हणणारे लोक हेच करतात. ते कुटुंब चार पिढ्या मराठी बोलत असतं.

अशा वेळी "अहो, मी चांगल्या अर्थानं म्हटलं" हे तोंडावर येतं. ते गिळा. अर्थ चांगला होता हे समोरच्याला कळलेलंच असतं, लागलंय ते त्याखालचं. दोन दिवसांनी मी त्यांना म्हटलं, "परवा मी कौतुक करायला गेले आणि तुमच्या घरच्या भाषेला कमी लेखलं. माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "चहा घ्या."

११. आम्ही आपापसात एकमेकांच्या भाषेवरून चिडवतोच. मग त्याच्याशी तसं बोललो तर बिघडलं कुठं?

आपापसात चिडवायला आधी आपापसातले असावे लागतात. तुमच्या गल्लीतला कन्नड मित्र तुम्हाला चिडवतो आणि तुम्ही त्याला. दोघांकडे सारखी दोरी असते. नव्या माणसाकडे ती नसते. तो उलटून बोलला तर उद्धट ठरतो, गप्प बसला तर आतून जळतो.

पण मनापासून वाटत नसेल की आपण चुकलो, तर माफी मागू नका. खोटी माफी लगेच ओळखू येते. आधी विचारा, "परवा मी बोललो ते तुला कसं वाटलं, खरं सांग," आणि उत्तर मध्ये न तोडता ऐका. (प्रश्न २ मध्ये मी "लागलं का?" विचारू नका म्हटलंय. तिथे तुम्हाला चूक आधीच कळलेली असते, इथे कळलेली नाही, म्हणून विचारणं वेगळं.) ऐकल्यावर बहुतेकांचं मत बदलतं. नाही बदललं तर निदान पुढे काय बोलायचं नाही ते कळतं.

१२. विनोद सीमाप्रश्नावर होता. माफी मागितली तर माझी भूमिका सोडल्यासारखं होईल ना?

नाही होत. भूमिका आणि विनोद वेगळे धरा. १ नोव्हेंबर १९५६ पासून या भागात एकाच दिवशी काही घरं राज्योत्सव साजरा करतात आणि काही घरं काळा दिन पाळतात. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही सुरूच आहे. या प्रश्नावर तुमचं ठाम मत असणारच, समोरच्याचंही असेल. मत मांडल्याबद्दल माफी मागायची गरज नाही.

माफी कशाची, ते नेमकं निवडा. समजा तुम्ही "बेळगाव" म्हणालात आणि नव्या सहकाऱ्यानं "बेळगावी" असं सुधारून दिलं. २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे. मराठी बोलताना बेळगाव म्हणणं हा काही गुन्हा नाही. पण त्यावर तुम्ही "तुम्हा लोकांना नाव बदलण्यापलीकडे काय येतं?" असं म्हणालात, तर ते वाक्य त्या माणसावर गेलं. बोलायचं ते असं: "मी बेळगावच म्हणणार, तो माझा प्रश्न. पण 'तुम्हा लोकांना' म्हणून तुला जे बोललो ते चुकीचं होतं." एवढं स्पष्ट वेगळं केलं की समोरचा माणूस बहुधा शांत होतो. "बरं बाबा, बेळगावी तर बेळगावी" असं वैतागून म्हणणं मात्र ना माफी, ना भूमिका.

१३. सोबत कुंद्याचा डबा नेऊ का?

आत्ता नको. कुंदा असो वा गोकाकचा करदंट, डबा हातात आला की माणसाला हसून घ्यावाच लागतो, आणि तुम्हाला वाटतं प्रकरण मिटलं. माफीच्या दिवशी रिकाम्या हातानं जा. दिवाळीला न्या.

१४. माफी मागितली, तर "असू दे की" म्हणाली. किंवा उत्तरच दिलं नाही. पुन्हा विचारू का?

"असू दे की" हे आपल्याकडचं फार सोयीचं वाक्य आहे. त्याचा अर्थ "मिटलं" असा असतो, "आत्ता हा विषय नको" असाही असतो. कोणता ते त्या दिवशी कळत नाही. "नक्की ना? खरंच ना?" असं विचारून खणू नका. प्रश्न २ मधल्या खुणा पुढच्या काही आठवड्यांत उलट्या फिरतात का ते बघा: भाषा परत येते का, वाक्यं लांबतात का.

उत्तरच आलं नाही तर दुसऱ्यांदा माफी मागू नका. एकदा नीट मागितलेली माफी ऐकली गेलेली असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी तुम्ही माफी मागत नसता, उत्तर मागत असता. रोजचं बोलणं साधं ठेवा, नमस्कार-चमत्कार चालू ठेवा, कामाचं काम करा. काही ओळखी तिथेच थांबतात. तो निर्णय समोरच्या व्यक्तीचा आहे, आणि माफी मागितली म्हणून तो तुमच्याकडे येत नाही.

१५. माफी मागून झाली आणि महिन्याभरात तोंडातून पुन्हा तसंच काहीतरी गेलं. आता?

आता शब्दांना फारशी किंमत राहिलेली नाही हे आधी मान्य करा. तिथल्या तिथे थांबा आणि म्हणा, "परत तेच केलं मी. मागे सांगितलं होतं, पाळलं नाही." पहिल्या माफीसारखं सगळं पुन्हा सांगत बसू नका.

मग घरी बसून शोधा की हे येतं कुठून. माझ्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की नव्या माणसांत बसल्यावर बोलायला काही सुचलं नाही की त्याचा हात आपोआप भाषेच्या विनोदावर जातो. त्यानं एक साधी गोष्ट केली. गप्पा अडल्या की तो समोरच्याला विचारू लागला, "याला तुमच्याकडे काय म्हणतात?" भाकरीला, भेंडीला, जावयाला. भाकरीला "रोट्टी" आणि भेंडीला "बेंडीकाई" म्हणतात हे त्याला तसंच कळलं. तो दर आठवड्याला चार नवे शब्द वहीत लिहून वर्गाला येतो, आणि त्यांचे उच्चार मला दुरुस्त करायला लावतो.